दोन सेंटिमीटर कुठे गेले?

“प्रयोगातून g चे मूल्य ९.४८०५ मी/से² मिळाले. प्रमाणित मूल्य ९.८ आहे. मानवी चुका आणि हवेचा अडथळा यांमुळे ३.२६ टक्के फरक पडला. अशा रीतीने प्रयोग यशस्वी झाला.”

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पदार्थविज्ञानाची जर्नलं तपासणाऱ्या कुणाही प्राध्यापकाला हा निष्कर्ष तोंडपाठ असतो. आकडे बदलतात, मजकूर बदलत नाही. बरेचदा तो सीनियरच्या जर्नलमधून उतरलेला असतो आणि त्या सीनियरने तो त्याच्या सीनियरच्या जर्नलमधून घेतलेला असतो. प्राध्यापकही तेवढ्याच सवयीने लाल पेनने “विश्लेषण अपुरे” असं लिहितात आणि सही करतात. या दोन शब्दांनी विद्यार्थ्याला काहीच कळत नाही. अपुरं म्हणजे किती, आणि पुरं कसं करायचं? ते दाखवायचं असेल तर शेरा त्याच्याच आकड्यांच्या अंगाने लिहावा लागतो. असा शेरा कसा असतो ते पाहण्यासाठी साध्या लंबकाच्या प्रयोगाचा एक नमुना अहवाल घेऊ. प्रयोग मुद्दाम सोपा निवडला आहे. दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच एवढंच साहित्य.

प्रयोगामागचं गणित एका ओळीचं आहे. लंबक एका टोकाकडून निघून पुन्हा त्याच टोकाला यायला जो वेळ घेतो तो आवर्तकाल T, टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतची लांबी L, आणि पृथ्वी वस्तूंना ज्या त्वरणाने खाली ओढते ते g. या तिघांचं नातं असं:

T² = 4π²L/g

आपल्या विद्यार्थिनीने पाच लांबींवर प्रत्येकी २० दोलनांचा वेळ घेतला. ४० सेंटिमीटरला २६.०२ सेकंद, ५५ ला ३०.३८, ७० ला ३४.०६, ८५ ला ३७.५२ आणि १०० सेंटिमीटरला ४०.५६. प्रत्येक ओळीतून तिने g काढला, तो अनुक्रमे ९.३३, ९.४१, ९.५३, ९.५३ आणि ९.६० आला. पाचांची सरासरी काढली, चार दशांश स्थळांपर्यंत लिहिली आणि वरचा निष्कर्ष खाली उतरवला. आलेखही काढला आहे, T² उभ्या अक्षावर आणि L आडव्या. रेषा आरंभबिंदूतून नेली आहे, कारण पुस्तकात ती तिथून जाते.

प्राध्यापकांचा पहिला शेरा सरासरीच्या शेजारी आहे.

“सरासरी घेण्याआधी g चा रकाना वरून खाली वाच. आकडे इकडेतिकडे उडतायत की एका दिशेने चाललेत? सरासरी घेतल्यावर यातलं काय दिसेनासं झालं?”

या प्रश्नाचं उत्तर तक्त्यातच आहे. ९.३३ पासून ९.६० पर्यंत आकडे चढत गेलेत, मध्ये एकदा थांबलेत, पण खाली एकदाही आलेले नाहीत. हाताच्या चुका अशा वागत नाहीत. घड्याळाचं बटण कधी लवकर दाबलं जातं, कधी उशिरा, त्यामुळे उत्तरं खऱ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पडतात. अशाच चुकांवर सरासरी हा उपाय आहे. इथे पाचही उत्तरं एकाच बाजूला आहेत आणि लंबक जितका आखूड, तितकं उत्तर जास्त खोटं आहे. अशा आकड्यांची सरासरी चूक कमी करत नाही, चुकीचा माग पुसून टाकते.

शेरा प्रश्नाच्या रूपात लिहिण्यामागे कारण आहे. “तू लांबी चुकीची मोजलीस” असं लिहिता आलं असतं. अनुभवी प्राध्यापकाला ते तक्ता पाहताच समजतं. पण तसं लिहिलं की विद्यार्थिनी एक आकडा दुरुस्त करते आणि पुढच्या प्रयोगात पुन्हा “मानवी चुका” लिहिते. तिला रकाना वाचायला शिकवायचा असेल तर तो वाचण्याचं काम तिलाच करू द्यावं लागतं.

दुसरा शेरा लांब आहे, आणि माझ्या मते अख्ख्या तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा.

“‘मानवी चुका’ हे कारण दिलंस, पण किती मोठ्या चुका लागतील ते मोजलं नाहीस. समजा आपल्याकडे g ९.७८ आहे. मग ४० सेंटिमीटरच्या लंबकाला २० दोलनांसाठी किती वेळ लागायला हवा होता? तुझा वेळ त्यापेक्षा किती जास्त आहे? बटण दाबताना एवढी चूक होते का? हवेबद्दलही असाच हिशेब कर.”

हिशेब करू. ४० सेंटिमीटरला २० दोलनं २५.४१ सेकंदांत व्हायला हवी होती, तिला २६.०२ लागली. म्हणजे ०.६१ सेकंद जास्त. १०० सेंटिमीटरला ४०.१८ च्या जागी ४०.५६, म्हणजे ०.३८ जास्त. डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबण्यातली गडबड, सुरुवातीची आणि शेवटची मिळून, फार तर दोन दशांश सेकंदांची धरता येईल. त्याच्या तिप्पट चूक, तीही पाचही वेळा जास्तीच्याच दिशेने, हे पटण्यासारखं नाही.

मोजणीतली चूकही तपासून पाहता येते. गोळा सोडताक्षणीच “एक” म्हणून मोजायला सुरुवात करणं ही प्रयोगशाळेतली नेहमीची चूक आहे. त्यात २० ऐवजी प्रत्यक्षात १९ दोलनं मोजली जातात. पण मग वेळ कमी भरतो आणि g दहा टक्क्यांहून अधिक जास्त येतो. इथे तर तो कमी आला आहे. शिवाय त्या चुकीचा परिणाम प्रत्येक लांबीवर सारख्याच प्रमाणात झाला असता, चढता रकाना तयार झाला नसता. चुकीला दिशा असते आणि आकार असतो, आणि हे दोन्ही जुळले नाहीत की तो संशयित सुटतो.

हवेचं तसंच. पितळ हवेच्या सुमारे सात हजारपट घन असतं, म्हणून हवेच्या उद्धरणाने गोळ्याचं वजन सात हजारांत एक भाग एवढंच कमी होतं. हवेच्या घर्षणाने झोका हळूहळू लहान होतो हे खरं, पण त्याने आवर्तकाल जवळजवळ बदलत नाही. ४० सेंटिमीटरला उत्तर साडेचार टक्क्यांनी चुकलं आहे आणि हवेला जबाबदार धरायचं तर तिची ताकद शेकडो पटींनी वाढवावी लागेल. जर्नलांमध्ये हवेवर हा आळ वर्षानुवर्षं येतो आहे.

एक संशयित मात्र असा आहे की तो सहजासहजी सुटत नाही. झोका मोठा असला तर आवर्तकाल खरोखरच वाढतो. कृतीत “लहान कोनातून सोडले” असं लिहिलं आहे, किती ते लिहिलेलं नाही. दहा अंशांचा झोका असेल तर आवर्तकाल ०.२ टक्क्यांनी वाढतो आणि g सुमारे ०.४ टक्क्यांनी कमी येतो. साडेचार टक्क्यांसाठी झोका ३५ अंशांच्या आसपास लागेल. ४० सेंटिमीटरच्या लंबकाला ३५ अंश म्हणजे गोळा बाजूला जवळजवळ २३ सेंटिमीटर ओढलेला असणार, आणि ते ओढणाऱ्याच्या लक्षात राहिलं असतं. म्हणून प्राध्यापकांनी इथे बारीक अक्षरात एवढंच लिहिलं आहे: “गोळा किती सेंटिमीटर बाजूला घेतलास ते पुढच्या वेळी तक्त्यात लिही.” जे मोजून लिहिलं नाही, त्याला दोषी धरता येत नाही आणि निर्दोषही ठरवता येत नाही.

तिसरा शेरा आलेखावर आहे आणि इथे प्रकरण उलगडतं.

“रेषा आरंभबिंदूतून जायलाच हवी असं तू आधीच ठरवलंस. तुझ्या पाच बिंदूंना तसं वाटतं का? डावीकडचे बिंदू रेषेच्या वर आहेत, उजवीकडचे खाली. पट्टी फक्त बिंदूंवर ठेवून दुसरी रेषा काढ आणि ती अक्षांना कुठे कापते ते सांग.”

सक्तीने आरंभबिंदूतून नेलेल्या रेषेच्या चढावरून g ९.५३ येतो. सरासरीही ९.४८ होती, त्यामुळे विद्यार्थिनीला वाटलं की दोन पद्धती एकमेकींना दुजोरा देतायत. खरं तर दोन्हींत चूक एकच होती. पट्टी मोकळी सोडली की रेषेचा चढ ४.०३५ येतो आणि 4π² ला त्याने भागलं की g ९.७८ मिळतो. तेच आकडे, तोच तक्ता, एकही निरीक्षण नव्याने घेतलेलं नाही.

पण आता रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ती उभ्या अक्षाला ०.०८२ वर कापते आणि मागे वाढवली तर आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे २.० सेंटिमीटरवर. या रेषेचं म्हणणं असं की मोजलेली लांबी शून्य असतानाही लंबकाला काही आवर्तकाल होता, म्हणजे प्रत्येक लांबीत दोन सेंटिमीटर कमी मोजले गेले. तराजूला पासंग असला तर दहा किलोच्या पोत्यात तो कळत नाही, पावशेरात कळतो. दोन सेंटिमीटर ४२ मध्ये पावणेपाच टक्के होतात आणि १०२ मध्ये दोनच टक्के. g चा रकाना ९.३३ वरून ९.६० कडे का चढत गेला, ते एवढ्याने समजतं. वरचे सगळे संशयित जिथे अडखळले, तिथे हा एकटा दिशेलाही जुळतो आणि आकारालाही.

हे दोन सेंटिमीटर आले कुठून? जर्नलचं आधीचं पान उलटलं की उत्तराचा मोठा भाग सापडतो. व्हर्नियर कॅलिपरने गोळ्याचा व्यास मोजून तिने २.५४ सेंटिमीटर असा नोंदवला आहे, कारण कृतीत तसं सांगितलं होतं. पण लांबी मोजताना मीटरपट्टी टांगण्याच्या बिंदूपासून दोऱ्याच्या गाठीपर्यंतच लावली. त्रिज्या, म्हणजे १.२७ सेंटिमीटर, मिळवायची राहिली, आणि गाठ ते गोळा यांच्यामधला हूकही राहिला. मोजलेला आकडा आकडेमोडीत कुठेच वापरला नाही, ही गोष्ट तपासणाऱ्याने आवर्जून दाखवावी अशी आहे. अहवालात एखादं माप नुसतं पडून असेल तर ते कशासाठी घेतलं हा प्रश्न विचारला गेलेला नसतो.

इथे प्राध्यापकांनी एक वाक्य लिहिलं आहे, ज्यात कौतुक आहे आणि कामाची माहितीही: “आकडे ९.८ च्या जवळ ‘बसवले’ नाहीस, म्हणून हे सापडलं.” प्रयोगशाळांमधली ही उघड गुपितातली गोष्ट आहे. उत्तर ९.८ आलं नाही की वेळाच्या रकान्यात खाडाखोड होते, कारण गुण उत्तराला मिळतात असा समज असतो आणि तो समज पूर्ण खोटाही नसतो. या मुलीने ४० सेंटिमीटरचा वेळ अर्ध्या सेकंदाने कमी करून टाकला असता तर रकाना सपाट झाला असता, टक्केवारी सुधारली असती आणि दोन सेंटिमीटर कायमचे हरवले असते.

चौथा शेरा निष्कर्षावर. तो सर्वांत कडक आहे.

“९.४८०५ मधले शेवटचे दोन आकडे कुठून आले? तुझ्या उत्तरात किती कमीजास्त होऊ शकतं ते आधी काढ आणि मगच किती दशांश लिहायचे ते ठरव. ‘प्रयोग यशस्वी झाला’ हा निष्कर्ष नाही. काय मिळालं, किती खात्रीने मिळालं, कशावरून, आणि यावरून काय म्हणता येत नाही, ते लिही.”

उत्तरातली कमीजास्त पट्टीनेही काढता येते. पाच बिंदूंमधून जेमतेम चालेल अशी सर्वांत उभी रेषा आणि सर्वांत आडवी रेषा काढायची, दोन्हींचे चढ घ्यायचे आणि त्यांच्यातल्या अंतराचा निम्मा भाग अनिश्चितता म्हणून लिहायचा. नेमकं गणित केलं तर या आकड्यांसाठी g मध्ये ±०.०४ आणि हरवलेल्या लांबीत ±०.३ सेंटिमीटर येतात. हाताची चूकही आता खरोखर दिसते. मोकळ्या रेषेपासून बिंदू जेवढे इकडेतिकडे सरकले आहेत, ते २० दोलनांच्या वेळात मोजलं तर जेमतेम ०.०४ सेकंद भरतं. जिच्यावर सगळा दोष ढकलला होता ती मानवी चूक एवढीशी होती. हात तिचा चांगला स्थिर आहे.

सुधारलेला निष्कर्ष मग साधारण असा होतो:

“T² आणि L यांच्या आलेखाच्या चढावरून g = ९.७८ ± ०.०४ मी/से² मिळाला. रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ती प्रत्येक लांबीत २.० ± ०.३ सेंटिमीटर कमी मोजले गेल्याचे दाखवते. गोळ्याची त्रिज्या १.२७ सेंटिमीटर असून ती लांबीत धरलेली नव्हती. उरलेले सुमारे ०.७ सेंटिमीटर हुकाचे असावेत, हूक मोजून हे तपासायचे आहे. एकेका लांबीवरून काढलेले g या कारणाने कमी आले, म्हणून त्यांची सरासरी अंतिम उत्तरासाठी घेतलेली नाही.”

या निष्कर्षात ९.८ चा उल्लेख नाही, आणि ती विसरभोळेपणाची गोष्ट नाही. ९.८ हा पाठ्यपुस्तकाचा सोयीचा आकडा आहे. g जागेप्रमाणे बदलतो. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला तो ९.७८ आहे, ध्रुवांवर ९.८३. महाराष्ट्राच्या अक्षांशावर तो ९.७८ ते ९.७९ च्या घरात येतो. पण म्हणून “आमच्या प्रयोगाने सिद्ध झालं की इथला g ९.८१ पेक्षा कमी आहे” असं लिहायची मुभा या विद्यार्थिनीला नाही. तिची कमीजास्त ०.०४ आहे आणि ९.७८ व ९.८१ मधला फरक ०.०३. तिचं उत्तर दोन्हींशी जुळतं. उत्तर बरोबर आलं की त्यातून हवं ते काढण्याचा मोह होतो, आणि तिथे चांगले विद्यार्थीही घसरतात.

हा एवढासा फरक लंबकाने पकडता येतो हे मात्र खरं आहे. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, विषुववृत्तापासून पाच अंशांवर. पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. अडीच मिनिटं म्हणजे आवर्तकालात ०.२ टक्क्यांहूनही कमी फरक. रिशेने तो आपल्या हातावर किंवा हवेवर ढकलला नाही. सेकंदाचा ठोका देणारा लंबक तिथे किती आखूड करावा लागतो ते त्याने महिनोन्महिने पुन्हा पुन्हा मोजलं, आणि ते भरलं तीन मिलिमीटरांहून थोडं कमी. पुढे न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याच्या आपल्या मांडणीसाठी हे मोजमाप वापरलं. रिशेजवळ संपूर्ण दिवसभराची हजारो दोलनं होती, आपल्या विद्यार्थिनीजवळ वीस. शेवटच्या पानावरच्या सूचना म्हणूनच अगदी रोखठोक आहेत. पन्नास दोलनं मोज. घड्याळ टोकाला चालू करू नकोस, गोळा तिथे रेंगाळतो आणि नेमका क्षण सापडत नाही. मधल्या स्थितीतून तो सर्वांत वेगाने जातो, तिथे खूण करून बटण दाब. सुरुवातीला “तीन, दोन, एक, शून्य” असं मोज, म्हणजे पहिलं दोलन हरवणार नाही. लांबी ३० पासून १५० सेंटिमीटरपर्यंत ने, कारण बिंदू जितके लांबवर पसरतील तितका चढ पक्का होतो.

सही अजून झालेली नाही. हूक मोजून यायचं आहे. तो सात मिलिमीटरांच्या आसपास निघाला तर हिशेब मिटतो. तो दोनच मिलिमीटर निघाला तरी बेरीज १.४७ सेंटिमीटर होते आणि २.० ± ०.३ पासून ती फार दूर नाही, पण सुखाने बसतही नाही. मग दोऱ्याच्या वरच्या टोकाकडे पाहावं लागेल. दोरा दोन अर्ध्या कॉर्कांच्या फटीत धरलेला असतो आणि ती पकड सैल असेल तर लंबक कॉर्कच्या खालच्या कडेवरून झुलण्याऐवजी आतून, काही मिलिमीटर वरून झुलतो. मीटरपट्टी कडेपासून लावलेली असते, म्हणून तेवढी लांबीही हिशेबातून निसटते. कॉर्क घट्ट करून एकाच लांबीवर वेळ पुन्हा घेतला की अर्ध्या तासात हे कळेल.